सोनेतारणात सहकाऱ्याची अफरातफर दिसतेय: काय करायचं आणि कुणाला, कसं कळवायचं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पतसंस्थांचं लेखापरीक्षण करताना शाखेतले क्लार्क, कॅशियर, पिग्मी एजंट जे प्रश्न बाजूला घेऊन विचारतात आणि नंतर मेसेजवर पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. जवळपास सगळे सोनेतारण कर्जाबद्दल असतात, म्हणून उत्तरंही तेवढ्यापुरतीच आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवींना असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना नसतं. इथे गेलेला पैसा म्हणजे आंबा-काजूवाल्याचा, पेन्शनराचा, मासळी विकणाऱ्या बाईचा गेलेला पैसा. तो परत आला तर वसुलीतूनच येतो.

1. कामातली चूक कुठली आणि अफरातफर कुठली, हे कसं ओळखायचं?

चूक एकटी असते आणि दाखवून दिली की दुरुस्त होते. पाकिटावर वजन लिहिताना आकडा उलटा पडला, व्याजाची तारीख चुकली, पावतीवर सही राहिली, ही चूक झाली. अफरातफरीत एक नोंद दुसरीला झाकत असते, आणि बोट ठेवलं की कागद दुरुस्त होण्याऐवजी नवा कागद तयार होतो.

सोनेतारणात प्रकार मुख्यतः तीन. पहिला, खोटं सोनं खरं म्हणून ठेवणं. यात मूल्यांकन करणारा सराफ सामील लागतो, नाहीतर निष्काळजी तरी. दुसरा, पाकीट फोडून खरा दागिना काढायचा आणि तोच दुसऱ्या नावाने पुन्हा तारण दाखवायचा. तिसरा, ग्राहकाने कर्ज फेडलं, दागिना नेला, पण रोजकिर्दीत रक्कम घेतलीच नाही आणि खातं चालूच ठेवलं.

2. कोणत्या खुणा दिसल्या की सावध व्हायचं?

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे वजन. दागिन्याचं वजन ग्रॅमच्या तिसऱ्या दशांशापर्यंत लिहितात. वेगवेगळ्या दोन ग्राहकांच्या पाटल्यांचं एकूण वजनही तेच आणि खडे-मणी वजा जाता निव्वळ वजनही तेच, असं सहसा होत नाही. दोन चालू खात्यांवर असा जोड दिसला तर थांबून बघा.

दुसरी खूण आपल्याकडचीच. कर्जदार मुंबईचा चाकरमानी, गावात येतो गणपतीला आणि शिमग्याला, पण खातं उघडलंय ऐन जुलैत आणि अर्जावर सही आहे. तो मध्ये येऊन गेला असेलही, पण विचारण्यासारखी गोष्ट आहे.

बाकीच्या खुणा अशा: कर्ज वर्षानुवर्षं फक्त नूतनीकरणावर चालतंय आणि त्या दिवशी ग्राहक शाखेत आलेलाच नाही, तीन-चार कर्जदारांचा मोबाईल नंबर एकच, व्याज नेहमी रोखीने आणि एकाच कर्मचाऱ्याच्या हस्ताक्षरातल्या स्लिपने भरलं जातं, तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असायच्या त्या एकाच्याच खिशात, आणि तो माणूस घरात कार्य असलं तरी रजा घेत नाही, कारण त्याच्या जागी दुसरा बसला तर पाकिटं दुसऱ्याच्या हातात जातील. यातली एखादी खूण कुठल्याही चांगल्या शाखेत सापडेल. एकाच खात्यावर तीन-चार खुणा जमल्या की तो योगायोग राहत नाही.

3. मी उगाच एखाद्यावर संशय घेत नाही ना, याची खात्री कशी करू?

स्वतःच्या कामाच्या हद्दीत राहून साधी कारणं एकेक करून वगळा. वजन सारखं असेल तर पहिलं खातं बंद होऊन त्याच दागिन्यावर नवं कर्ज दिलंय का बघा. त्याच ग्राहकाचं नूतनीकरण असेल तर वजन सारखंच येणार, त्यात काही वावगं नाही. मोबाईल नंबर सारखा असेल तर एकाच घरातली माणसं आहेत का बघा. मुलाचा नंबर आई-वडिलांच्या खात्यावर देणं इथे नेहमीचंच आहे.

एवढं बघूनही कोडं सुटलं नाही तर तिथेच थांबा. पाकीट फोडून पाहणं, ग्राहकाच्या घरी जाऊन विचारणं, दुसऱ्याच्या आयडीने लॉगिन करणं हे तुमचं काम नाही. तुम्हाला गुन्हा सिद्ध करायचा नाही. ज्याला तपासायचा अधिकार आहे त्याला नेमकी जागा दाखवायची आहे.

4. संशय आला त्याच दिवशी मी काय करावं?

आधी स्वतःचा पासवर्ड बदला आणि तो कुणालाही सांगू नका. शाखांमध्ये 'मॅडम, तुमच्या आयडीवरून जरा एंट्री मारतो' हे सर्रास चालतं, आणि प्रकरण उघडं पडल्यावर कागदावर नाव मॅडमचं निघतं. तिजोरीची चावी तुमच्याकडे असेल तर देताना-घेताना रजिस्टरवर वेळ आणि दोघांच्या सह्या, असा आग्रह धरा. 'नियम आहे म्हणून' एवढंच सांगा, कारण सांगू नका.

त्याच दिवशी घरच्या वहीत आपल्या हाताने लिहून ठेवा: तारीख, खाते क्रमांक, पाकीट क्रमांक, काय दिसलं, कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या पानावर. तर्क लिहू नका, दिसलेलं लिहा. 'साहेबांनी पाकीट बदललं' असं नको. '14 तारखेला दुपारी अमुक क्रमांकाचं पाकीट तिजोरीबाहेर टेबलावर होतं, रजिस्टरला नोंद नाही' असं हवं.

आणि फार दिवस घालवू नका. शाखेतल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्क भरली की पुसून त्यावरच नवीन चढतं. बऱ्याच ठिकाणी ते महिनाभरही टिकत नाही.

5. रजिस्टरचे फोटो काढू का? मूळ कागद घरी नेऊन ठेवू का?

मूळ कागद बाहेर नेऊ नका. नेलात तर दप्तर गहाळ केल्याचा आरोप तुमच्यावर येईल आणि खरा प्रश्न मागे पडेल. ग्राहकांचे आधार-पॅन, सह्यांचे नमुने यांचे फोटोही नकोत. खाते क्रमांक, पाकीट क्रमांक आणि तारीख एवढं असलं की तपासणाऱ्याला पुढचं सगळं संस्थेच्या दप्तरात मिळतं. सॉफ्टवेअरमध्ये कुणाच्या आयडीने, किती वाजता नोंद झाली, कुणी मंजूर केली, हे मागे राहतंच.

तुमच्या नावाने आलेले मेसेज मात्र जपून ठेवा. 'ते खातं आज रिन्यू करून टाक, पार्टी येणार नाही' असा मेसेज फोनवर आला असेल तर तो पुसू नका आणि फोन बदलू नका.

6. आधी त्यालाच सरळ विचारलं तर? इतकी वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला आहे.

विचारू नका. हे सांगताना मला बरं वाटत नाही, कारण विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा मैत्रीच असते. पण सोनेतारणात पुरावा तिजोरीत पिशवीत असतो आणि तो एका संध्याकाळीत हलतो. विचारलंत की दुसऱ्या शाखेतून किंवा सराफाकडून दागिना आणून पाकीट भरलं जाईल, तपासणीत सगळं बरोबर निघेल, आणि खोटारडे तुम्ही ठराल.

साध्या चुकीबद्दल (प्रश्न 1) जरूर विचारा.

7. मग कळवायचं कुणाला?

वर कुणावर विश्वास ठेवता येईल त्यावर हे ठरतं. शाखेतल्या सहकाऱ्याचा प्रश्न असेल आणि मुख्य कार्यालय स्वच्छ असेल तर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अध्यक्ष, दोघांना एकाच वेळी लेखी कळवा. एकालाच कळवलं की ते त्याच्या टेबलावरच बसून राहू शकतं.

त्याहून सुरक्षित वाट लेखापरीक्षकाची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 81 प्रमाणे दरवर्षी 31 मार्चनंतर चार महिन्यांत लेखापरीक्षण व्हायचं असतं, आणि सोनेतारणाची पाकिटं पाहणं हा त्या कामाचाच भाग आहे. लेखापरीक्षकाला पाच खाते क्रमांक सांगितले आणि त्याने तीस पाकिटं निवडताना त्यात ती पाच घातली, तर कुणी तक्रार केली हे कळायला वाटच राहत नाही. तपासात गुन्हा दिसला तर त्याच कलमाखाली त्याने निबंधकांना 15 दिवसांत विशेष अहवाल द्यायचा असतो आणि त्यांच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्याद द्यायची असते. म्हणजे फिर्यादी तो होतो, तुम्ही नाही.

हे दोन्ही शक्य नसेल तर तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्ह्याचे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. ते कलम 83 खाली चौकशी लावू शकतात, आणि नुकसान ठरलं तर कलम 88 खाली ते जबाबदार माणसांवर बसवता येतं.

कुठेही कळवलंत तरी मागणी एक करा: सगळ्या शाखांची सगळी पाकिटं एकाच दिवशी, बाहेरगावच्या सराफाकडून तपासा. एकेक शाखा तपासली तर दागिने रात्रीतून गाडीने पुढच्या शाखेत जातात. आणि ज्याने मूल्यांकन केलं त्याच सराफाला फेरतपासणीला बसवलं तर सोनं खरंच निघणार.

8. पत्रात काय लिहायचं?

थोडं आणि तपासता येईल असं. माणसावर आरोप न करता नोंदींकडे बोट दाखवा. साधारण असं:

'आमच्या शाखेतील सोनेतारण खाते क्र. … व … या दोन्ही चालू खात्यांवर दोन पाटल्या, एकूण वजन व निव्वळ वजन तंतोतंत सारखे नोंदलेले आहे. कर्जदार वेगळे आहेत. दुसऱ्या खात्याच्या नोंदीच्या दिवशी सदर कर्जदार शाखेत आल्याचे मी पाहिलेले नाही. दोन्ही पाकिटांची पंचांसमक्ष व बाहेरील मूल्यांककाकडून तपासणी व्हावी, तसेच त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे ही विनंती. माझे नाव गोपनीय ठेवावे.'

निबंधक कार्यालयात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माहिती अधिकारात तुमचं पत्रच बाहेर येईल अशी भीती असेल तर शेवटी एक ओळ वाढवा: 'ही माहिती विश्वासाने दिली असून, माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 8(1)(छ) नुसार स्रोत उघड करू नये.' माहिती उघड झाल्याने कुणाच्या जिवाला धोका होणार असेल, किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत ओळखू येणार असेल, तर ती नाकारायची मुभा त्या कलमात आहे.

9. निनावी अर्ज केला तर?

बहुतेक निनावी अर्ज दप्तरी दाखल होतात, विशेषतः 'शाखेत मोठा भ्रष्टाचार चालू आहे' एवढंच लिहिलेले. पाकीट क्रमांकासह लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला टाळणं कठीण जातं, पण पुढे शंका आली तर विचारायला कुणी नसतं. आणि छोट्या शाखेत निनावी हे नावापुरतंच. जी माहिती फक्त दोघांना असते, तिच्यावरून तिसऱ्या दिवशी नाव कळतं. त्यापेक्षा नाव देऊन गोपनीयता मागणं (प्रश्न 8) किंवा लेखापरीक्षकाला तोंडी सांगणं (प्रश्न 7) बरं.

10. हे प्रत्यक्षात कसं घडतं, एखादं उदाहरण देऊन सांगाल?

समजा खाडीकाठच्या एका गावातली शाखा. तिथल्या क्लार्क ताई मार्चअखेरची यादी काढतायत. डोंबिवलीत राहणाऱ्या एका कर्जदाराने दीड वर्षापूर्वीच्या गणपतीत दोन पाटल्या ठेवल्या: एकूण 41.260 ग्रॅम, निव्वळ 40.980. खातं चालू आहे. यादीत खाली, त्यानंतरच्या जुलैत उघडलेल्या एका बाईंच्या खात्यावर पुन्हा दोन पाटल्या, 41.260 आणि 40.980. कर्ज 1,75,000, त्याच दिवशी रोखीने उचललेलं, आणि पुढचं व्याज शाखाधिकाऱ्याच्या हस्ताक्षरातल्या स्लिपवर.

ताई दोन गोष्टी बघतात. पहिलं खातं मध्ये बंद झालंय का? नाही. दोघं एका घरातले आहेत का? आडनाव, वाडी, नंबर सगळं वेगळं. त्या घरी वहीत सहा ओळी लिहितात, पासवर्ड बदलतात आणि कुणाशी बोलत नाहीत. महिन्याभरात लेखापरीक्षक येतात तेव्हा बाकीच्या कागदांसोबत ते दोन क्रमांक त्यांना सांगतात.

लेखापरीक्षक जिल्ह्याच्या गावाहून सराफ आणतात. दुसऱ्या पाकिटातल्या पाटल्या कसोटीवर घासल्या तर कस चांगला उमटतो, कारण मुलामा जाड असेल तर वरवर घासून सोनंच लागतं. मग पाण्यातलं वजन घेतात. 22 कॅरेटच्या 41 ग्रॅमच्या पाटल्यांनी साधारण सव्वादोन ते अडीच मिलिलिटर पाणी सरकवायला हवं. चांदीवर मुलामा असेल तर ते चारच्या आसपास जातं. इथे चार भरतं. पाटली छेदल्यावर आत पांढरी रेघ दिसते. तिथून त्याच सराफाने मूल्यांकन केलेली सगळी पाकिटं उघडली जातात आणि विशेष अहवाल निबंधकांकडे जातो. या सगळ्यात ताईंचं नाव कुठेच येत नाही. त्यांचा जबाब होतो तो इतर कर्मचाऱ्यांसारखाच, नोंदी कशा होतात याबद्दल.

यात बिघडलं असतं ते एकाच जागी: ताईंनी जुलैच्या खात्याबद्दल साहेबांना 'हे काय आहे?' असं विचारलं असतं तर.

11. शाखाधिकारी, सराफ आणि अध्यक्ष तिघेही एकच असतील तर?

तर आतली वाट सोडा. जिल्हा उपनिबंधकांना पत्र द्या आणि त्याची प्रत पुण्याला सहकार आयुक्तांना पाठवा. महिना-दीड महिना काही हललं नाही तर पोलीस अधीक्षक कार्यालयातली आर्थिक गुन्हे शाखा. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे ती लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पोलिसांत कलम कुठलं लागेल हे घटनेच्या तारखेवर आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागते (कर्मचाऱ्याने केलेल्या विश्वासघाताला कलम 316(4), सात वर्षांपर्यंत कैद), आधीच्या कृत्यांना जुनी दंड संहिता. वहीत तारखा नेमक्या लिहा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

12. माझी नोकरी गेली तर? कायदा मला वाचवेल का?

खरं सांगायचं तर फारसा नाही. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये केला, पण तो लागू झालेला नाही, आणि तो आहेही सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता. म्हणून तुमचं संरक्षण क्रमात आहे: आधी स्वतःचं नाव कागदातून वेगळं करणं (प्रश्न 4), मग नाव बाहेर न येणारी वाट निवडणं (प्रश्न 7). बदली, मेमो, पगार अडवणं असं काही सुरू झालं तर प्रत्येक मेमोला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका. धमकी आली तर लगेच 112, आणि ठाण्यात नोंद. खटला उभा राहून तुम्ही साक्षीदार झालात तर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

13. चौकशीत काहीच निघालं नाही तर माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा होईल?

अधिकार असलेल्या माणसाकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही; न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये तो अपवाद दिलेला आहे. निबंधक, लेखापरीक्षक, पोलीस यांना लिहिलेलं त्यात बसतं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं बसत नाही. ग्राहकांना फोन करून 'तुमचं सोनं बघून घ्या' सांगणंही करू नका. सोमवारी शाखेसमोर रांग लागेल आणि चांगल्या संस्थेचंही कंबरडं मोडेल. ग्राहक स्वतः पावती घेऊन आला तर मात्र त्याला त्याच्या खात्याचा खरा उतारा द्यायचाच.

14. काही व्हाउचरवर माझ्याच सह्या आहेत. आता?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो आणि आधी विचारायला हवा. साहेबांनी सांगितलं म्हणून ग्राहक समोर नसताना सही केली असेल तर तक्रार करण्याआधी संस्थेशी संबंध नसलेल्या फौजदारी वकिलाला भेटा आणि काहीही न लपवता सांगा. माफीचा साक्षीदार करायचं की नाही हे न्यायालय ठरवतं. तसं वचन कुणी पोलीस किंवा संचालक देत असेल तर विश्वास ठेवू नका. जुन्या कागदांवर खाडाखोड करू नका, मागच्या तारखेचं पत्र करू नका. यातून पैसे घेतले नसतील तर तुमच्या बँक खात्याचे उतारेच तुमच्या बाजूने बोलतील. ते आताच काढून ठेवा.

15. त्याने पैसे परत भरले. आता गप्प बसलं तर चालेल?

नाही. तात्पुरती केलेली अफरातफरही कायद्यात अफरातफरच आहे. शिवाय पैसे कुठून आले ते बघा. भरणा झाला त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या नावाने तेवढ्याच रकमेचं नवं सोनेतारण उघडलंय का? बरेचदा एक खड्डा बुजवायला दुसरा खणलेला असतो, आणि रक्कम व्याजासह वाढत जाते. तो नवा खाते क्रमांकही कळवा.

16. तो आमच्या भावकीतला आहे. शिमग्याला एकाच पालखीला खांदा देतो. तक्रार केली तर घराला वाळीत टाकतील.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे माहीत असू द्या. पण सणात तोंड फिरवणाऱ्याला कायदा काही करू शकत नाही, हेही खरं. अशा वेळी मी लेखापरीक्षकाचीच वाट सांगतो, आणि घरातल्या एकाच माणसाला विश्वासात घ्यायला सांगतो, दोघांना नाही. त्याच गावातल्या ठेवीदारांतही भावकीतली माणसं असतात, त्यांचीही नावं आठवून बघा.

17. आमची संस्था मल्टिस्टेट आहे. हेच सगळं लागू होतं का?

पासवर्ड, वही, पाकीट तपासणी हे सगळं तेच. कळवायची जागा वेगळी. एकाहून अधिक राज्यांत कामाचं क्षेत्र असलेली, केंद्राच्या कायद्याखाली नोंदलेली संस्था राज्याच्या निबंधकांकडे येत नाही. तिच्यासाठी 2002 चा केंद्राचा कायदा आणि केंद्रीय निबंधक, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर ठेवीदार व सभासदांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपाल. नागरी सहकारी बँक असेल तर रिझर्व्ह बँकेचीही देखरेख असते. नोंदणी क्रमांक शाखेच्या फलकावर आणि पासबुकावर असतो. पत्र लिहिण्याआधी तो वाचा, म्हणजे चुकीच्या कार्यालयात महिना जाणार नाही.